मनुबाईच्या मेंदूतले डाग

आपल्या आईच्या डोक्यात बिघाड झाला होता, हे सिद्ध करायला मानसिंगनं दोन टोप्या आणि दोन टॉवेल एवढा पुरावा गोळा केला होता. तो त्यानं विट्याच्या नानासो वकिलांच्या टेबलावर ठेवला. वकिलांनी टॉवेल उलगडून पाहिला, टोपीच्या आत बोट फिरवलं आणि चहा सांगितला.

"वापरल्यालं दिसत न्हाईत," ते म्हणाले.

"वापरीन कसं? पुरावा हाय न्हवं."

मानसिंगची गोष्ट अशी. तो विट्याकडच्या पुष्कळ माणसांसारखा गलाईवाला. त्रिचूरला त्याचं दुकान. सोनारांकडचं मिसळीचं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकून चांदी-तांबं विरघळवायचं आणि खाली उरेल ते शंभर नंबरी सोनं परत करायचं, हा धंदा. आयुष्यभर त्यानं मळ वेगळा काढला. त्यामुळे जगात काहीही बिघडलं की त्यात मळ शिरलाय आणि तो काढता येतो, अशी त्याची पक्की समजूत होती. गावी तो जत्रेला यायचा. जत्रा झाली की बकऱ्याचं मटण पचायच्या आत परत जायचा.

दोन वर्षांमागं तो असाच आला, तर मनुबाईनं, त्याच्या सख्ख्या आईनं, त्याला बाहेरच्या सोप्यातच बसवलं. घोंगडं अंथरलं, गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि "वाटंत तरास न्हाई न्हवं झाला?" म्हणून विचारलं. निघायच्या दिवशी पाटावर बसवून कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर टोपी घातली. "या पुन्यांदा," म्हणाली. या! ये नव्हे, या. आपल्याकडे टोपी-टॉवेल व्याह्यांना करतात, जावयाला करतात, लांबच्या पाव्हण्याला करतात. पोटच्या पोराला आहेर करून वाटेला लावणारी आई मानसिंगनं तरी पाहिली नव्हती. पुढच्या जत्रेला पुन्हा तेच झालं. आणि या दोन जत्रांच्या मध्ये म्हातारीनं आपल्या नावचं विहिरीकडचं रान धाकट्या सुनेच्या, रेश्माच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं होतं.

रेश्मा म्हणजे धैर्यशीलची बायको. धैर्यशील हा मानसिंगचा पाठचा भाऊ, फौजेत होता. ट्रक दरीत गेला त्यात गेला. तेव्हापासून सासू-सून दोघीच घरात.

आता मानसिंगला रान नको होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. विहिरीकडचं रान होतं, ऊस बांधापर्यंत उभा असायचा. पण खरं दुखणं रानाचं नव्हतं. दुसऱ्या जत्रेनंतर परत जाताना तो एसटीत खिडकीकडे तोंड करून मिरजेपर्यंत रडला होता, आणि शेजारच्या माणसाला डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं होतं. आईनं शुद्धीत असताना आपल्याला वगळलं, परकं केलं, हे त्याला गिळवत नव्हतं. आई खुळी झाली असेल तर सगळंच सोपं होतं. मग रानही आजारानं दिलं होतं, टोपीही आजारानं घातली होती, आणि त्याच्या आईचा त्यात काही संबंध नव्हता.

"टोपीवर कोरट चालत न्हाई," नानासो म्हणाले. "बक्षीसपत्राच्या दाव्याला डाक्टरचा कागूद पायजे."

पण मनुबाई डोक्याच्या डॉक्टरकडे कधी गेलीच नव्हती. वकील आणि अशील यावर विचार करत होते, तेवढ्यात नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये मनुबाईला न्यूमोनिया झाला आणि सांगलीच्या एका दवाखान्यात ती वारली. मानसिंग त्रिचूरहून आला. रडला. आणि रडता रडताच त्यानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं की, म्हातारी विसरभोळी होती का, हे आता कळेल का? डॉक्टर म्हणाले, "विस्मरणाचा तो मोठा आजार होता की नाही, हे जिवंतपणी नुसता अंदाजच असतो. खात्री मेंदू दुर्बिणीखाली बघितल्यावरच होते."

मानसिंगनं तिथंच संमतीच्या कागदावर सही केली. भावकी खवळली. मेल्या आईचं डोकं उघडतोय म्हणून सुलाबाई चुलतीनं तर त्याच्या नावानं बोटं मोडली. रेश्माची सही लागायची नव्हती, तरी डॉक्टरांनी तिलाही विचारलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "आत्याबाईंच्या डोक्यात काय व्हतं ते मला ठावं हाय. दादांना बगायचं आसंल तर बगूद्यात."

मानसिंगला हे बोलणं जरा जास्तच शांत वाटलं.

मेंदू ज्यांच्या हाती गेला त्या डॉक्टर प्रियदर्शनी बनसोडे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, फॉर्मेलीनच्या वासानं डोळे चुरचुरतात अशा खोलीत त्या बसायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मानसिंगनं रीतीप्रमाणे आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि दोन्ही कळल्यावर खुर्ची जरा मागं ओढून बसला. बाईंनी ते पाहिलं. आयुष्यभर पाहत आल्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं की मेंदू लोण्यासारखा मऊ असतो, तो फॉर्मेलीनमध्ये घट्ट व्हायला वेळ लागतो, त्यानंतर काप काढायचे, मेणात बसवायचे आणि मग रंग द्यायचे. घाई असेल तर दुसरीकडे जावं.

दुसरीकडे कुठे जाणार? मानसिंगनं त्रिचूरचं दुकान मेव्हण्यावर सोपवलं आणि विट्यात ठाण मांडलं.

त्या दिवसांत पेपरात एक बातमी आली. अमेरिकेत उंदरांना एक लस टोचली आणि त्यांच्या मेंदूत साचलेला विस्मरणाचा मळ साफ झाला, अशी. मानसिंगनं कात्रण खिशात ठेवलं. मेंदूत मळ साचतो आणि तो काढता येतो, हे वाचून त्याला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबद्दल एकदम आपुलकी वाटली. धंदेभाऊच म्हणायचे.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा बाईंनी त्याला बोलावलं. टेबलावर दोघांना एकाच वेळी बघता येईल अशी दोन नळ्यांची दुर्बीण होती.

"हा तुमच्या आईच्या मेंदूचा काप. काँगो रेड नावाचा रंग दिलाय. बघा."

मानसिंगनं एक डोळा मिटून दुसरा लावला. फिकट गुलाबी जमिनीवर तांबूस ठिपके दिसले. बाईंनी काचेची एक चकती फिरवली तशी जमीन काळी पडली आणि त्या ठिपक्यांतून कच्च्या सफरचंदासारखी हिरवी चमक आली.

"ह्यो मळ?" मानसिंगनं विचारलं. चांदीत तांबं राहिलं की तेजाबाला असाच हिरवा-निळा रंग चढतो. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"याला प्लाक म्हणतात. आपल्या पेशींच्या अंगावर एक मोठं प्रथिन असतं. ते कापलं जातं तेव्हा त्याचा एक चिकट तुकडा कधीकधी सुटा पडतो. अमायलॉइड. तुकड्याला तुकडा चिकटतो आणि पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत अशा गुठळ्या होतात."

"लय हायत काय?"

"पुष्कळ आहेत."

"म्हंजे रोग व्हता."

"म्हणजे प्लाक पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "अजून चांदीचा रंग द्यायचाय. त्याशिवाय मी मत देणार नाही."

पण हे शेवटचं वाक्य मानसिंगच्या कानावर पडलं तरी डोक्यात शिरलं नाही. त्यानं येताना सांगलीतच पेढे घेतले. गावात येऊन भावकीत वाटले. कशाचे पेढे म्हणून सुलाबाईनं विचारलं, तर म्हणाला, "आयच्या डोक्यात मळ सापडला." सुलाबाईनं हातातला पेढा खाली ठेवला. मग थोडा विचार करून परत उचलला आणि खाल्ला.

नानासो वकीलही खूष झाले. फक्त म्हणाले की अर्ध्या रिपोर्टवर समोरचा वकील बोट ठेवील, तो दुसरा रंगही देऊन टाका म्हणावं. एका पुराव्यापेक्षा दोन बरे.

दुसऱ्या रंगाचं घोडं मात्र अडलं होतं. बाईंचा टेक्निशियन गुंडा दोनदा करून बसला होता आणि दोन्ही वेळा काप डांबरासारखा काळा झाला होता. दवाखान्याच्या स्टोअरमधला सिल्व्हर नायट्रेट जुना, उन्हात पडलेला. नवा मागवला होता, पण तो तीन दर मागवून, खरेदी समितीपुढून येणार होता, आणि समितीचे अध्यक्ष मुलीच्या लग्नात होते.

"चांदीवाचनं आडलंय व्हय?" मानसिंग ताडकन उठला. "आवं बाई, मग आमी काय मेलोय? चांदी शोऱ्याच्या तेजाबात टाकायची, आटवायची, खडं धरायचं. तेच न्हवं तुमचं नायट्रेट?"

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तेच. पण शुद्ध लागतं. तांबं चालणार नाही, क्लोराईड चालणार नाही. आणि चाचणी केल्याशिवाय मी वापरणार नाही."

"करा की चाचणी. शंभर येळा करा."

विट्यात चुलत्याच्या भट्टीवर मानसिंगनं स्वतः बसून ते खडे केले. आधी चांदी पुन्हा शुद्ध केली. पावसाचं पाणी नको म्हणून औषधाच्या दुकानातनं बॅटरीचं नव्हे तर इंजेक्शनचं पाणी आणलं. खडे पांढरे, काचेसारखे धरले. निळी झाक नावाला नव्हती. ते तपकिरी बाटलीत भरून, बाटली काळ्या कागदात गुंडाळून, त्यानं ती मांडीवर घेऊन सांगली गाठली. धंद्यातलं इतकं चोख काम त्यानं कुठल्या सोनारासाठी केलं नव्हतं. आईचा रोग शाबीत व्हायचा होता.

बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि "छान आहे" म्हणाल्या. मानसिंगच्या छातीत फुशारकी मावेना. त्या दिवशी त्यानं खुर्ची पुढे ओढली होती, पण हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रंग चढेपर्यंत त्यानं खिशातलं कात्रण काढलं. "बाई, ही लस हिकडं कवा यील? आता आमाला बी वय झालं. आयला व्हतं म्हंजे आमाला बी व्हणार. मळ काडला की सोनं मोकळं."

बाईंनी कात्रण वाचलं. बातमी त्यांना माहीत होती. मूळ लेखाची झेरॉक्स त्यांनी मुंबईच्या मैत्रिणीकडून मागवली होती.

"हे उंदीर मुद्दाम तयार केलेत. त्यांच्यात माणसाचा बिघडलेला जीन घातलाय, म्हणून त्यांच्या मेंदूत प्लाक होतात. लस दिली, प्लाक गेले. उंदरासाठी उत्तम. पण या उंदरांच्या मेंदूत दुसरी गोष्ट होतच नाही, आणि पेशीही फारशा मरत नाहीत. माणसात मरतात."

"दुसरी कंची गोष्ट?"

"ती बघायलाच तुमची चांदी. आणि दुसरं असं, माणूस विसरायला लागतो तेव्हा प्लाक साचायला लागून कैक वर्षं झालेली असतात. जिवंत माणसाच्या डोक्यात ते दिसतही नाहीत, मग औषध कधी सुरू करायचं? रक्तातनं मेंदूत औषध शिरणंही अवघड, तिथं बंदोबस्त कडक असतो. आणि उशिरा मळ काढून काय मिळवणार? मूस तडकली आणि सोनं खाली भट्टीत गेलं, तर वरचा मळ काढून काय उपयोग?"

"राखंतनं सोनं काडतो की आमी," मानसिंग म्हणाला. हा त्याच्या धंद्याचा अपमान होता.

"तुम्ही काढता. मेलेली पेशी राखेतनं निघत नाही."

पुढे शतक पालटल्यावर ती लस माणसांना टोचून पाहिली गेली. काहींच्या मेंदूला सूज आली म्हणून ती थांबवावी लागली. ज्यांना टोचली होती त्यांच्यातले काही पुढे वारले, त्यांचे मेंदू पाहिले, तर काहींचे प्लाक जवळजवळ पुसले गेले होते आणि माणूस मात्र शेवटी शेवटी पार हरवूनच गेला होता. पण हे सगळं पुढचं. नव्व्याण्णव साली बाईंना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि मानसिंगनं कात्रण घडी घालून परत खिशात ठेवलं. मनातून त्याचा अजून अमेरिकेवरच विश्वास होता.

रंग चढला. यावेळी काप काळा झाला नाही. मधाच्या रंगाची जमीन आणि त्यावर काळं कोरीवकाम. गुंडानं दोन काचा ठेवल्या.

"चाचणी आधी," बाई म्हणाल्या. "हा धोंडिराम मास्तरांचा मेंदू. मुलानं परवानगी दिली म्हणून ठेवलाय. मास्तर शेवटच्या वर्षी साबण खायचे. आरशातल्या माणसाला बसायला खुर्ची द्यायचे. नावसुद्धा सांगता येत नव्हतं. बघा."

मानसिंगनं पाहिलं. प्लाक ओळखीचे झाले होते. ते इथं तपकिरी-काळ्या गुठळ्यांसारखे दिसत होते. पण त्यांच्याशिवाय, पेशींच्या आत, काळेभोर पीळ होते. दिव्याच्या ज्योतीच्या आकाराचे, जाड, एकावर एक. नजर जाईल तिथं तेच.

"ही दुसरी गोष्ट. टँगल. पेशीच्या आत सामान इकडून तिकडं न्यायला बारीक नळ्या असतात. त्या नळ्या ताठ धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे टाऊ. ते बिघडलं की नळ्यांवरून सुटतं आणि आपसातच पीळ घालून गुंता करतं. वाहतूक बंद, पेशी उपाशी. शेवटी पेशी मरते, विरघळून जाते आणि हा गुंता तेवढा मागं राहतो. तो बघा, त्याच्याभोवती आता पेशीच नाही."

मानसिंगला तो दिसला. काळा पीळ, एकटा, भोवती काही नाही. माणूस जळून गेल्यावर चितेत मागं राहतात त्या हाडांसारखा. साबण खाणारा मास्तर त्यानं कधी पाहिला नव्हता, पण आता त्याला तो ओळखीचा वाटू लागला.

"माणूस किती विसरला याचा हिशेब प्लाकशी नीट लागत नाही. या टँगलशी लागतो, आणि पेशींच्या तुटलेल्या जोडण्यांशी. सुरुवात प्लाकनं होते आणि पुढचं सगळं त्यातनंच होतं, असं मानणारे पुष्कळ मोठे लोक आहेत, आणि ते खरंही असेल. पण एकाचं दुसरं कसं होतं, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. तिथंच औषधवाले चाचपडतायत. बरं, आता तुमची आई."

बाईंनी काच बदलली. मानसिंगनं डोळा लावला आणि काळे पीळ शोधू लागला.

प्लाक होते. भरपूर होते. पीळ नव्हते.

"कुटं हायत?"

"शोधा."

बाई काच हळूहळू सरकवत राहिल्या. बोलायची, विचार करायची, जमाखर्च करायची, माणसं ओळखायची जागा एकेक करून दुर्बिणीखालून गेली. पेशी दाटीवाटीनं, टवटवीत उभ्या होत्या. उसाच्या उभ्या रानात कुठं नांगी, मोकळी जागा, दिसू नये तशा. शेवटी आठवणीच्या कोपऱ्यात, कानशिलाच्या आतल्या बाजूला, चार-दोन पीळ सापडले.

"हे म्हातारपणाचे. एवढे माझ्याही डोक्यात होतील, तुमच्याही. पलीकडे पसरलेले नाहीत."

"आवं पर डाग? तुमीच म्हनला पुष्कळ हायत!"

"पुष्कळ आहेत. असे डाग घेऊन शहाणी राहिलेली म्हातारी माणसं मी कापलीत, बाहेरच्या लोकांनीही कापलीत. मानसिंगराव, बक्षीसपत्रावर सही केली त्या दिवशी तुमच्या आईचं डोकं कसं होतं हे कुठलाही मेंदू कापून सांगता येत नाही. तेवढं मी लिहिणार. पण आपलं माणूस ओळखू येऊ नये असं काही या मेंदूत मला दिसत नाही. तेही मी लिहिणार."

"रंगच चुकला आसंल. चांदी..." म्हणताना मानसिंग थांबला. चांदी त्याचीच होती. धोंडिराम मास्तरावर ती काळीभोर उमटली होती. आपली चांदी खोटी होती असं आयुष्यात तो म्हणू शकला नसता, आणि आताही म्हणू शकला नाही.

तो कसनुसं हसत म्हणाला, "तिनं मला टोपी घातली व्हती बाई. टावेल दिला. पाव्हण्यागत. वळकलं न्हाई म्हनून..."

बाईंनी दुर्बिणीचा दिवा मालवला. "तुम्ही घरी कधी येता?"

"जत्रंला येतो की."

"आणि?"

मानसिंग बोटांवर मोजू लागला. धैर्यशीलच्या दहाव्याला तो आला होता, पण सीझन होता म्हणून पिंडाला कावळा शिवला तसा उठला होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं मनिऑर्डर केली होती. आणखी काही आठवेना.

नानासोंच्या टेबलावरून त्यानं टोप्या आणि टॉवेल उचलले. वकील म्हणत होते की रिपोर्टातला प्लाकचा भाग तेवढा दाखल करू, चांदीचा राहू द्या, कोरटाला काय कळतंय. मानसिंग म्हणाला, "मला कळलंय न्हवं." आणि बाहेर पडला.

गावात पोचला तेव्हा दिवस कलला होता. रेश्मा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. ती उठली, पदर घेतला, घोंगडं अंथरलं आणि आत जाऊन वाटीत गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मानसिंग उंबऱ्याशीच उभा राहिला. "रिपोट आला," तो म्हणाला. "डोस्कं साबूत व्हतं तिचं. दावा मी काडून घेतोय. रान तुजंच हाय."

रेश्मानं मान हलवली. तिला आनंद झाला असावा, पण तो दाखवायची ही जागा नव्हे हे तिला कळत होतं.

"रेश्मा, ती मला टोपी का घालायची? तुला काय बोलली व्हती?"

रेश्मानं वाटी आणि तांब्या खाली ठेवला. "इचारलं व्हतं मी, दादा. म्हनलं, आत्याबाई, पोटच्या पोराला असं कोन करतं? तर म्हनल्या, घरच्याला काय द्यावं लागत न्हाई. त्यो येतो, बसतो, जातो. पाव्हण्याची रीत त्येनंच धरलीया, मग आपुन बी रीत पाळाय पायजे. आन् मग..." ती अडखळली. "तुमी गेला की रडायच्या. दोनी वर्सं रडल्या. म्हनायच्या, इचारील, ह्या वर्सी तरी रागानं टोपी फेकील आन् इचारील, आय ह्ये काय करतीस? पर तुमी टोपी घालून हासत गेला."

मानसिंगला हुंदका आला. यावेळी डोळ्यांत काही गेलं नव्हतं, आणि तसं सांगायला शेजारी कुणी परकंही नव्हतं. तो उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. रेश्मानं त्याला रडू दिलं.

मग त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. पुरावा पहिल्यांदाच वापरात आला. रेश्मानं गुळाची वाटी पुढे सरकवली.

"न्हाई," तो उठत म्हणाला. "ऱ्हाऊ दे. मी काय पाव्हणा हाय? माज्या हातानं घितो मी पानी."

रेश्मानं भरलेला तांब्या उचलून आत नेला, पाणी ओतून दिलं आणि तांब्या जागेवर ठेवून बाहेर आली. पुन्हा शेंगा फोडायला बसली.

मानसिंग आत गेला. स्वयंपाकघरात अंधार होता. माठ डाव्या हाताला असेल म्हणून तो डावीकडे वळला, तिथं पिठाचे डबे होते. माठ खिडकीखाली सापडला. त्यानं झाकणी काढली, आणि तांब्यासाठी हात फडताळाकडे नेला, मग चुलीमागच्या कोनाड्याकडे, मग परत फडताळाकडे. याच घरात तो जन्मला होता. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. हाक मारून विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण ते पाव्हण्यानं विचारायचं असतं. झाकणी हातात धरून तो तिथंच उभा राहिला, आणि या घरात तांब्या कुठं ठेवतात ते त्याला काही केल्या आठवेना.